सुवर्णमहोत्सवात लेकीचे भाषण

आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आणि त्यासाठी परदेशातून आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे मराठीतले भाषण, हा प्रसंग महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत रुळला आहे. परंपरेने मराठी घरांत समारंभ होत ते वयाचे: साठी पुरी झाली की षष्ट्यब्दिपूर्ती, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. त्यांचे विधी ठरलेले, मंत्र ठरलेले, आणि बोलायचे ते गुरुजी बोलणार. लग्नाच्या वाढदिवसाला असा विधी नाही. सकाळी घरी सत्यनारायण, संध्याकाळी हॉल, पन्नास दिव्यांचे औक्षण, जमल्यास पुन्हा एकदा हार आणि आग्रह करकरून घ्यायला लावलेले उखाणे असा कार्यक्रम घरोघरी आपापल्या हौसेने जुळवला जातो. त्यात मुलांच्या भाषणाला जागा असते, पण त्याचा नमुना कोणी घालून दिलेला नसतो. बोलणारा मग दोन ठिकाणांहून उसनवारी करतो. एक शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतून, दुसरी इंग्रजी समारंभातल्या टोस्टमधून. भाषण बिघडते ते बहुधा या दोन उसनवाऱ्यांमुळे. मराठी विसरल्यामुळे ते बिघडते असे मात्र सहसा होत नाही.

परदेशात राहून मातृभाषा पुसट होते का, याचा अभ्यास भाषाविज्ञानात ‘भाषाक्षय’ या नावाने होतो. त्यातला सर्वांत ठळक धागा निघताना असलेल्या वयाचा आहे. साधारण बाराव्या वर्षाच्या आत घर सोडलेल्या मुलांची भाषा मुळापासून हलू शकते. लिंग, वचन, क्रियापदाची रूपे यांतही चुका होऊ लागतात. त्यानंतर निघालेल्यांचे व्याकरण बहुतांशी टिकते. त्यांचा शब्द हरवत नाही, तो उशिरा सापडतो. वर्षांच्या संख्येवरून फारसे काही कळत नाही. मोनिका श्मिड या संशोधिकेने नाझी काळात जर्मनी सोडून इंग्रजी देशांत गेलेल्या ज्यूंच्या भाषेचा अभ्यास केला. त्यात नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर निघालेल्यांची जर्मन सर्वांत जास्त झिजलेली आढळली. जर्मन किती वेळा बोलली जाते यापेक्षा त्या भाषेशी असलेले नाते तुटले की नाही, हे अधिक मोलाचे ठरले. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मराठी माणसाचे नाते असे तुटलेले नसते. त्याची अडचण वेगळी आहे.

ती समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. गडहिंग्लजचे एक जोडपे. वडील एसटीत कंडक्टर होते, आई घरी शिवणकाम करायची. लग्न मे १९७५ मध्ये झाले. धाकटी मुलगी सांगलीत इंजिनिअर होऊन २००२ मध्ये, तेविसाव्या वर्षी, अमेरिकेला गेली आणि तिथेच स्थिरावली. २०२५ च्या मे महिन्यात आई-वडिलांच्या सुवर्णमहोत्सवासाठी ती पंधरा दिवसांची रजा काढून आली आहे. दर रविवारी ती घरी फोन करते. मराठी तिला येते का, असे कोणी विचारले तर तिला रागच येईल.

तरीही गेली तेवीस वर्षे तिची मराठी या रविवारच्या फोनपुरती उरलेली आहे, आणि फोनवरचे विषय मोजके असतात. जेवण झाले का, गुडघा कसा आहे, गोळ्या वेळेवर घेता ना, पाऊस पडला का, नातवंडे काय करतात. वाक्ये छोटी, बहुतेक प्रश्नार्थी, आणि काळ जवळजवळ नेहमी वर्तमान. एखादी जुनी हकिगत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची वेळ अशा फोनवर येत नाही. शिवाय तिशी-चाळिशीत माणूस लग्ने, बारशी, निवृत्तीचे सत्कार, शोकसभा ऐकत ऐकत चारचौघांत बोलण्याची एक मधली भाषा उचलतो, घरच्या भाषेहून थोडी नीटस आणि व्याख्यानाहून बरीच साधी. ही भाषा शाळेत शिकवत नाहीत. मुलगी नेमकी त्या वर्षांत इथे नव्हती. तिच्याकडे घरातली मराठी आहे आणि दहावीपर्यंतची निबंधाची मराठी आहे. मधला मजला बांधायचा राहून गेला आहे.

म्हणून पहिला मसुदा लिहायला बसली की ती सरळ शाळेत जाते. ‘सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर आणि माझ्या बंधुभगिनींनो’ अशी सुरुवात होते. समोर आत्या, मावश्या, काका आणि शेजारचे लोक बसलेले असतात, व्यासपीठावर आई-बाबांखेरीज कोणी नसते, आणि पहिल्या रांगेतून हसू फुटते. ते हसू वाईट नसते, पण बोलणारीचा धीर तेवढ्याने सुटतो. दोन वाक्यांनंतर शाळेचा साठा संपतो आणि इंग्रजी सुरू होते, फक्त मराठी शब्दांत:

‘माझे आई-बाबा माझ्यासाठी नेहमी तिथे होते. त्यांनी माझ्या शिक्षणासाठी खूप सॅक्रिफाइस केलं आणि मला प्रत्येक निर्णयात सपोर्ट केलं. मला त्यांचा खूप अभिमान आहे. आज मी या संधीचा फायदा घेऊन त्यांचे आभार मानते.’

यातला इंग्रजी शब्द हा सर्वांत लहान दोष आहे. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या तोंडी ‘सपोर्ट’ असतोच. पण ‘नेहमी तिथे होते’ म्हटल्यावर मराठी श्रोत्याच्या मनात ‘कुठे?’ हाच प्रश्न येतो. मुलीने आई-बाबांचा अभिमान बाळगणे चूक नाही, मात्र मराठीत ती शाबासकी बहुधा वरून खाली जाते, वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे, त्यामुळे वाक्य किंचित उलटे बसते. आभारांचे तर आणखी अवघड. मराठी घरांत आई-वडिलांचे तोंडभरून आभार मानायची रीत नाही. आभार पाहुण्यांचे, आचाऱ्यांचे, हॉलच्या मालकांचे मानतात. आईला ‘धन्यवाद’ म्हटले की तीही पाहुण्यांच्या यादीत जाऊन बसते. ‘ऋणातच राहायला आवडेल’ हे यावर काढलेले उत्तर एकेकाळी चांगले होते. आता ते प्रत्येक सत्कारात ऐकू येते आणि कानावरून निघून जाते.

इंग्रजी टोस्टमध्ये बोलणारा आपली भावना नाव घेऊन सांगतो. मराठी घरात ती भावना कामातून ओळखायची असते, म्हणून भाषणातही काम सांगावे लागते. कोणी, कधी, काय केले एवढे नीट सांगितले की पुढचे श्रोते आपले आपण समजून घेतात. त्याच मुलीच्या मसुद्यातला तोच आशय घटनेच्या रूपात असा होईल:

‘मी सांगलीला होते तेव्हा दर सोमवारी सकाळच्या गाडीनं डबा यायचा. डबा आईचा, गाडी बाबांच्या दोस्ताची. ड्रायव्हरकाका भर स्टँडवर ओरडायचे, कंडक्टरची पोरगी आली का? सगळा स्टँड माझ्याकडं बघायचा आणि मला लाज वाटायची. चार वर्षांत संपाचे दिवस सोडले तर एक सोमवार चुकला नाही.’

यात त्याग हा शब्द नाही, पाठिंबा नाही आणि आभारही नाहीत. एसटीतून डबा पाठवणे ही त्या पिढीला ठाऊक असलेली गोष्ट, त्यामुळे समोरच्या अर्ध्या लोकांना आपापले डबे आठवतात. भाषा बोलणारीच्या आवाक्यातली आहे, कारण हे सारे तिने त्याच भाषेत जगलेले आहे. शब्द शोधावे लागत नाहीत, प्रसंगाबरोबर ते येतात. चांगल्या भाषणाला असे दोन किंवा तीन प्रसंग पुरतात, एक आईचा, एक वडिलांचा आणि जमला तर एक दोघांचा मिळून. तिसरा मिळवणे सर्वांत कठीण जाते, कारण मुलांना आई-बाबा सुटे सुटे आठवतात. नवरा-बायको म्हणून ते कसे होते हे मुलांनी पाहिलेले असते, पण त्याच्याकडे लक्ष दिलेले नसते.

हा तिसरा प्रसंग आत्या किंवा मावशीकडे असतो. १९७५ चे लग्न म्हणजे मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षे झालेली आणि आणीबाणीला महिना उरलेला. जेवणावळीला काय होते, वऱ्हाड कशाने आले, रुसवा कुणी धरला हे मुलीला माहीत असणे शक्य नाही. निघण्याआधी दोन-तीन आठवडे आत्याला फोन लावून हे विचारले तर माहिती मिळतेच, शिवाय त्या माहितीचे शब्दही मिळतात. आत्या ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत ते लिहून घ्यावे. ‘वऱ्हाड’, ‘जानवसा’, ‘मानपान’, ‘रुखवत’ हे शब्द इंग्रजीतून विचार करत आलेल्या माणसाला एकट्याने सहसा सुचत नाहीत.

आईचे बोलणे उद्धृत करताना आणखी एक जपावे लागते. कोल्हापूर भागात बायका ‘मी येतो’, ‘मी करतो’ असे बोलतात. परदेशी राहिलेली मुलगी माईकसमोर आली की सगळेच पुस्तकी करते आणि आईच्या तोंडी ‘मी शिवते, तू अभ्यास कर’ घालते. ‘मी शिवतो की, तू बस अभ्यासाला’ म्हटले की आई बोलल्यासारखी वाटते. स्वतःचे वाक्य कसे बोलायचे हे मुलीने ठरवावे, पण आईचे वाक्य दुरुस्त करायचा तिला अधिकार नाही.

व्याकरणात तेविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचा पाय क्वचितच घसरतो, पण तीन जागा निसरड्या आहेत. पहिली संबोधनाची. बहुतेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ असते. भाषणात कधी श्रोत्यांना आई-बाबांविषयी सांगायचे असते आणि कधी त्यांच्याकडे वळून त्यांच्याशी बोलायचे असते. इंग्रजीत ही वळणे सहज घेता येतात. मराठीत प्रत्येक वळणावर क्रियापद बदलते. ‘आई रात्री मशीनवर बसायची’ आणि ‘तू रात्री मशीनवर बसायचीस’ या वाक्यांची सरमिसळ एकाच दमात झाली की ऐकणारा गोंधळतो. उपाय सोपा आहे. पूर्ण भाषण श्रोत्यांना उद्देशून करावे आणि फक्त शेवटचे दोन-तीन वाक्ये आई-बाबांकडे वळून बोलावीत.

दुसरी जागा ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे वर्षानुवर्षे हा भेद वापरात येत नाही. मग ‘आपण चौघं एका खोलीत राहायचो’ असे वाक्य निघते आणि सभागृहातले दोनशे लोक त्या खोलीत शिरतात.

तिसरी जागा आकड्यांची, आणि ती सर्वांत बेसावध गाठते. मोजणी आणि हिशेब माणूस कामाच्या भाषेत करू लागतो, आणि मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळे नाव आहे. पंच्याहत्तर की पंचावन्न, एकोणसाठ की एकोणसत्तर, अशी चाचपणी सुरू होते. या भाषणात आकडे टाळता येत नाहीत. लग्नाचे साल, पहिल्या खोलीचे भाडे, बाबांच्या नोकरीची वर्षे हे येणारच. म्हणून कागदावर आकडा अक्षरांत लिहावा. ‘१९७५’ हे डोळ्यांना दिसले की तोंडातून इंग्रजी निघते. ‘एकोणीसशे पंच्याहत्तर’ दिसले की मराठी निघते. ज्या मुलीने लहानपणी बाबांसोबत तिकिटांच्या पैशांची चिल्लर मोजली आहे, तिला हेच आकडे अडावेत ही गंमतच, पण घडते तसे.

कागदाचाही एक प्रश्न आहे. परदेशात मराठी लिहायचे ते बहुधा फोनवर आणि रोमन लिपीत. भाषणही त्याच लिपीत लिहिले जाते. रोमन लिपीत kal लिहिले तर ते काल, काळ, कळ यांपैकी काय, हे वाचताना क्षणभर ठरवावे लागते. ल आणि ळ, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ हे सारे कागदावरून गळून गेलेले असते. घरी सावकाश वाचताना हे जाणवत नाही. माईकसमोर मात्र प्रत्येक वेळी किंचित अडखळणे होते, आणि श्रोते ते ‘मराठी विसरली’ या खात्यावर जमा करतात. देवनागरीत, ठळक आणि मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एकच वाक्य असा कागद सर्वांत सुरक्षित. फोनवरून वाचू नये, पडदा ऐनवेळी काळा होतो.

देवनागरीत लिहिताना दुसरा सापळा असतो. हात आपोआप लेखी रूपांकडे जातो, ‘केले’, ‘होते’, ‘सांगितले’. तसेच वाचले की बातमीपत्र ऐकल्यासारखे वाटते. बोलायचे तर ‘केलं’, ‘होतं’, ‘सांगितलं’ असेच लिहावे. मसुदा एकदा मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित केला आणि ऐकला की हे लगेच कळते. जिथे वाक्य पुढे ढकलावे लागते तिथे बहुतेक इंग्रजी रचना लपलेली असते. सावकाश बोलले तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द. भाषण साधारणपणे जेवणाच्या आधी असते, तेव्हा पाच मिनिटांपुढे जाणे हे आचाऱ्यालाही मान्य नसते.

भाषणाचा दिवस शक्य तर येण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नये. झोपेचे कारण आहेच, पण भाषेचेही आहे. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे राहिलेल्या स्पॅनिश भाषकांवर एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पॅनिश सर्वनामांबाबत या लोकांची जाण थोडी बोथट झालेली दिसली. मात्र त्यांच्यातल्या ज्यांनी चाचणीआधी किमान आठवडाभर फक्त स्पॅनिश ऐकली-बोलली होती, त्यांच्यात हा परिणाम आढळला नाही. प्रौढ वयात बाहेर पडलेल्यांची भाषा अशी परतते. गडहिंग्लजच्या मुलीने पंधरा दिवसांच्या रजेत समारंभ पहिल्या शनिवारऐवजी दुसऱ्या शनिवारी ठेवला, आणि मधले दिवस स्वयंपाकघरात, भाजीबाजारात, आत्याच्या ओसरीवर घालवले, तर कागदावरची चार-पाच वाक्ये ती स्वतःच बदलेल. ती बदलू द्यावीत.

एक गोष्ट तयारीने टळत नाही. परदेशी ऑफिसात शंभर लोकांसमोर न अडखळता बोलणारी बाई इथे तिसऱ्या वाक्याला गळा दाटून थांबते. यामागे भाषेचाही हात असू शकतो. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात, २००३ मध्ये, त्वचेवरची घामाची सूक्ष्म प्रतिक्रिया मोजली गेली. लहानपणी ऐकलेल्या रागावण्याच्या वाक्यांवर ती तुर्कीत स्पष्टपणे तीव्र होती, इंग्रजीत सौम्य. दुसऱ्या भाषेत शब्दांना अंगावर घ्यावे लागत नाही, आणि कामाच्या भाषेतली सफाई थोडी त्यातूनही येते. मराठीत ते संरक्षण नसते. त्यामुळे सर्वांत जड वाक्य लहान ठेवावे, त्याच्या लगेच पुढे हसू येईल असा प्रसंग ठेवावा, आणि पाण्याचा पेला स्वतःच्या हाताशी असावा, आईच्या टेबलावर नव्हे. डब्याच्या गोष्टीतला ‘कंडक्टरची पोरगी’ हा भाग याच कामाचा आहे. लोक हसतात तेवढ्यात श्वास परत मिळतो. थांबल्याबद्दल माफी मागू नये. माफी मागायला गेले की आवाज पुन्हा फुटतो.

समारंभात मराठी न समजणारे जावई किंवा नातवंडे असली तर प्रत्येक वाक्य इंग्रजीत पुन्हा सांगण्याचा मोह होतो. त्याने वेळ दुप्पट होते आणि प्रसंगाची लय तुटते. विनोद तर दोनदा मरतो. एखाद्या भाच्याला त्यांच्याशेजारी बसवून हलक्या आवाजात सांगायला लावणे पुरेसे आहे.

वर सांगितलेले सगळे मोठेपणी गेलेल्यांना लागू आहे. सातव्या-आठव्या वर्षी गेलेल्या किंवा तिकडेच जन्मलेल्या मुलाचा मार्ग वेगळा. त्याला मराठी समजते, पण ‘बाबांनी सायकल घेतली’ या जागी ‘बाबा सायकल घेतले’ असे निघून जाते, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलणे हे ऐकून नव्हे, बोलून बोलून पक्के होते. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शाळांत लिपी आणि वाचन शिकवले जाते, पण तेवढ्यावर पाच मिनिटांची हकिगत उभी राहत नाही. अशाने दीड मिनिटाचेच भाषण करावे. एक प्रसंग, दहा-बारा वाक्ये, घरातल्या कोणा मोठ्यासोबत बसून तोंडी घडवलेली आणि कानाने पाठ केलेली, कागद न घेता. वर्तमानकाळात किंवा ‘जायचो, यायचो’ या रीतीच्या भूतकाळात वाक्ये ठेवली तर ‘ने’ची वाट बऱ्याच अंशी टळते. उच्चार परके राहतील. च आणि ज यांचे मराठीतले दोन-दोन उच्चार आठवडाभरात बसत नाहीत, ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतला च सारखाच निघतो. तो सुधारण्यात वेळ घालवण्यापेक्षा आजी-आजोबांची, काका-मामांची नावे आणि गावाचे नाव यांचे उच्चार तेवढे बिनचूक करून घ्यावेत. श्रोत्यांचा कान सर्वांत आधी तिथे जातो.